फ्लॅटमेटच्या सुगंधाबद्दल लिहायचं: ग्रुपवर की एकट्याला?

ऐरोलीत तिघे मिळून टूबीएचके घेतलेल्यांना हा पेच सांगायला नको. एकाच्या खोलीत काड्यांचा डिफ्युझर असतो आणि वास हॉलमधून थेट पोह्यांत उतरतो. लिहायचं तर आहे, पण कुठे?

ग्रुपवर लिहिण्याची सोय म्हणजे कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. ‘उग्र वासाच्या वस्तूंचं जरा बघूया का सगळे?’ असं लिहिलं की आपण सुटलो. मीही तसंच लिहिलं होतं. त्यावर ज्याचा काही संबंध नाही त्या तिसऱ्याने लगेच माफी मागितली आणि मच्छर अगरबत्ती गॅलरीत नेऊन ठेवली. डिफ्युझरवाल्याने अंगठ्याचा इमोजी टाकला आणि डिफ्युझर जागेवरच राहिला. माझ्यापुरता ग्रुपचा पर्याय तिथेच बाद झाला.

त्याचा बेफिकीरपणा म्हणावा तर तसंही नाही. एकाच वासात सतत राहिलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. त्यामुळे ‘उग्र वास’ वाचून त्याला स्वतःची खोली आठवतच नाही. उलट वास कमी झाला असं वाटून तो काड्या उलट्या करतो, आणि तेलात भिजलेलं टोक वर आलं की वास आणखी भडकतो.

एकट्याला लिहिताना सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, हे खरं. पण तिथे वस्तूचं नाव घेता येतं आणि नेमकं काय करायचं तेही सांगता येतं. ‘दार लावून घे’ एवढंच सांगणं मला अपुरं वाटतं. आमच्याकडे बाथरूमचा एक्झॉस्ट चालू असला की दाराखालच्या फटीतून त्याच्या खोलीतली हवा पॅसेजमध्ये खेचली जाते. खिडकी उघडावी तर दुपारी खाडीकडचा वारा तोच वास आत ढकलतो. म्हणून काड्या कमी करायला सांगणं बरं. तेलात बुडालेल्या काड्या जितक्या कमी, तितका वास कमी पसरतो.

मी पाठवला तो मेसेज असा होता: ‘अरे, तुझ्या डिफ्युझरचा वास हॉल आणि किचनपर्यंत येतोय. तुला आता जाणवत नसेल कदाचित. जेवताना मला त्याचा जरा त्रास होतो. सहाऐवजी तीनच काड्या ठेवून बघतोस का? रविवारपर्यंत बघू, नाहीच जमलं तर बोलू.’

‘डोकं फुटतंय’ वगैरे लिहिलं नाही. मग गाडी वासावरून माझ्या तब्येतीवर गेली असती. तो ऑफिसला पोचल्यावर पाठवला, म्हणजे वाचल्या वाचल्या समोरासमोर यायची वेळ नको. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, ‘अरे, आधी सांगायचंस ना.’

अगरबत्ती, धूप, प्लग-इन असं सगळ्यांचंच थोडंथोडं असेल आणि घरासाठी नियमच करायचा असेल, तर ग्रुप ठीक आहे. वास एकाच खोलीतून येत असेल तर मी तरी एकट्यालाच लिहीन.