वहीचा वाकडा फोटो, त्यातली दोन समीकरणं: अ‍ॅपला द्यायचा की आपणच वाचायचा?

दहावीची शिकवणी घेणाऱ्यांना किंवा घरात दहावीचं पोरगं असणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. भाग एकचा पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे, आणि संध्याकाळ झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचे फोटो सुरू, मांडीवर वही, एका हातात मोबाईल, वरून ट्यूबलाईट, त्यामुळे पान असं तिरकं की वरची कड बारीक आणि खालची रुंद. मी जुळे सोलापुरात घरीच थोडी पोरं घेतो, अक्कलकोटहून भाची पण अधूनमधून पाठवते, म्हणून दोन्ही रस्ते भरपूर वापरून झालेत. एक म्हणजे फोटो तसाच उत्तर देणाऱ्या अ‍ॅपला द्यायचा. दुसरा म्हणजे आधी स्कॅनरमध्ये पान सरळ करायचं, समीकरणं आपल्या डोळ्यानं वाचायची आणि मग कॅल्क्युलेटरला टाईप करायची नाहीतर क्रेमरनं हातानंच सोडवायची.

अ‍ॅपबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच फास्ट आहे. अक्षर बरं असेल आणि पान थोडंच कललेलं असेल तर वाचतं पण बरोबर. बहुतेक अ‍ॅप वर दाखवतात की आम्ही काय वाचलं, तिथं हात घालून दुरुस्तही करता येतं. पायऱ्या पण देतात, फक्त बोर्डाला क्रेमर पाहिजे असताना ते कधी लोप पद्धतीनं जातात कधी किंमत घालून, पण त्याचं एवढं काही नाही.

माझं डोकं फिरलं ते वजाच्या चिन्हावरून.

आपल्या वह्या आखीव, डावीकडं लाल समासाची रेघ. पोरं ओळ समासाला चिकटून सुरू करतात आणि पहिलं पद ऋण असलं की ते वजा नेमकं समासाच्या रेघेवर बसतं. आडवी रेघ वजाची, उभी समासाची, झालं अधिक! सरळ फोटोत निदान समासाची रेघ वरपासून खालपर्यंत एकच दिसते, पण तिरक्या फोटोत तीच रेघ तिरपी जाते आणि ज्या ओळीचं वजा तिच्यावर बसलंय तिथं ती चिन्हाचाच भाग वाटते, त्यामुळे एक समीकरण बरोबर वाचलं जातं आणि दुसरं चुकतं.

भाचीनं पाठवलेलंच एक गणित घ्या.

3x + 4y = 17
−2x + 5y = 4

अ‍ॅपनं दुसरं 2x + 5y = 4 असं वाचलं. सुरुवातीचं अधिक कुणी लिहीत नाही, म्हणून स्क्रीनवर ते चिन्हच गायब, बघणाऱ्याला शंका यायचं कारण नाही. उत्तर आलं x = 69/7, y = −22/7. आता क्रेमरनं खरं काय येतं ते बघू. D = 3×5 − 4×(−2) = 15 + 8 = 23. Dx = 17×5 − 4×4 = 85 − 16 = 69. Dy = 3×4 − 17×(−2) = 12 + 34 = 46. म्हणजे x = 69/23 = 3 आणि y = 46/23 = 2. गंमत अशी की Dx दोन्हीकडं 69 च येतो, कारण Dx मध्ये x चा सहगुणक येतच नाही, ती जागा उजवीकडचा आकडा घेतो. चुकीच्या वाचनात D झाला 15 − 8 = 7 आणि Dy झाला 12 − 34 = −22. तुम्ही वहीतल्या क्रेमरशी ताडून बघताय आणि Dx जुळला तर अर्ध्यात वाटतं की अ‍ॅपचं बरोबर असेल, पोरानंच पुढं काहीतरी घोळ घातलाय.

इथं सात छेद असलेले अपूर्णांक आले म्हणून निदान शंका येते, पण दरवेळी अपूर्णांक तुम्हाला वाचवणार नाहीत. x + y = 7, x − y = 1 हे बघा, उत्तर 4 आणि 3. पान बाजूनं तिरकं असलं की आकड्यांची रुंदी दबते, 7 ची वरची टोपी बारीक होते आणि तो 1 वाटतो. मग x = 1, y = 0, एकदम स्वच्छ उत्तर, आणि साफ चूक. अ‍ॅपनं ताळा दाखवला तरी तो जुळणारच, कारण ताळा त्यानं स्वतः वाचलेल्या समीकरणात केलेला असतो. म्हणून ताळा करायचा तर किमती वहीतल्या ओळीत टाकायच्या, स्क्रीनवरच्या नाही, आणि दोन्ही ओळीत टाकायच्या, कारण बरोबर वाचलेल्या ओळीत त्या बसतातच. पण तेवढ्यासाठी वही नीट वाचावीच लागत असेल तर मग आधीच का वाचू नये, असं आपलं माझं मत.

आता दुसरा रस्ता. फोटो नुसता फिरवून काम होत नाही हे लक्षात ठेवा, फिरवल्यानं ओळी आडव्या होतील पण पान चौकोनी होणार नाही, वरची कड लहानच राहील. स्कॅनरमधे पानाचे चार कोपरे धरून ओढायचे, तेव्हा ते खरं आयताकृती होतं. चारच का, तर तिरकं पान सरळ करायच्या सूत्रात आठ अज्ञात संख्या असतात आणि प्रत्येक कोपरा दोन समीकरणं देतो, एक आडव्या अंतराचं एक उभ्याचं, आठाला आठ. ती पण छेद काढल्यावर रेषीयच! म्हणजे भाचीची दोन समीकरणं वाचण्याआधी मोबाईल गुपचूप आठ सोडवून बसलेला असतो.

सरळ केल्यावर स्कॅनर आपणहून काळं-पांढरं करायला बघतो, ते बंद करून रंगीत ठेवा. मला वाटतं अर्धा फायदा इथंच आहे. काळ्या-पांढऱ्यात समास आणि वजा एकाच रंगाचे होतात, बारीक पेन्सिल तर उडूनच जाते. रंगीतमध्ये लाल रेघ वेगळी, निळ्या पेनचं वजा वेगळं, डोळ्याला लगेच कळतं. फोटो पाठवणाऱ्याला सांगून ठेवा की डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप दाबून बारीक करतं आणि लांबच्या कडेचे आकडे पुसट होतात.

याला वेळ जास्त लागतो हे मान्य. ढीगभर फोटो आले आणि नुसतं चूक-बरोबर सांगायचं असेल तर मीही अ‍ॅपच उघडतो, फक्त दोन्ही ओळींची सगळी चिन्हं आणि आकडे वहीशी जुळवून मगच उत्तराकडं बघतो. पण गणित पोराला समजावून द्यायचं असेल तर मी कोपरे ओढायला बसतो. अजून एक, वही मधोमध उघडून फोटो काढलेला असला तर शिलाईजवळ कागद फुगतो आणि चार कोपरे धरूनही तिथल्या ओळी वाकड्याच राहतात, कारण ती युक्ती सपाट कागदाची आहे. असा फोटो आला की मी कुठल्याच रस्त्याला लागत नाही, वहीवर कंपास ठेवून दाब आणि परत काढ म्हणतो.