सफाईच्या एका बिलाची तीन शाखांत वाटणी: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या कोचिंग क्लासच्या नौपाडा, वाशी आणि खारघर अशा तीन शाखा. सफाईची एजन्सी एकच, त्यामुळे महिन्याचं बिलही एकच येतं: ६०,००० रुपये अधिक जीएसटी. सुरुवातीला मी ते जागेच्या मापाने वाटत होते. १५००, ९०० आणि ६०० चौरस फूट, म्हणजे ५०, ३० आणि २० टक्के. टॅलीत कॉस्ट सेंटर क्लास बनवून ठेवला की वाटणी आपोआप व्हायची, मीही खूश.

कुरकुर नौपाड्याच्या सरांनी केली. त्यांचा इन्सेंटिव्ह शाखेच्या नफ्यावर ठरतो. "माझ्याकडे दोन माणसं, वाशीलाही दोन. मग मला तीस हजार आणि त्यांना अठरा का?" बरोबर होतं त्यांचं. वाशीत दोन पाळ्या चालतात, जागा लहान असली तरी माणसं दोन लागतात. एजन्सी पैसे लावते ते माणसांच्या हजेरीवर, फरशीच्या मापावर नाही.

मग बिल नीट वाचलं (हे आधीच करायला हवं होतं). त्यात दोन ओळी होत्या: मजुरी ५२,०००, फिनेल-झाडू वगैरे सामान ८,०००. आता मजुरी मस्टरवरून वाटते. नौपाडा ५२ हजेऱ्या, वाशी ५२, खारघर २६, एकूण १३०. म्हणजे हजेरीला ४०० रुपये. सामान मात्र जागेवरच ठेवलं, कारण फिनेल फरशीलाच लागतं. नौपाडा ३०,००० वरून २४,८०० वर आलं, वाशी १८,००० वरून २३,२०० वर गेलं. खारघर गंमत म्हणजे बारा हजारांवरच राहिलं.

जीएसटीचे १०,८०० मी आधी शाखांच्या खर्चात घुसडत होते, ती चूकच. आमची फी करपात्र आहे आणि तिन्ही शाखांची नोंदणी एकच, त्यामुळे क्रेडिट मिळतं आणि ती रक्कम एकाच इनपुट खात्यात जाते. ज्यांना क्रेडिट मिळत नाही त्यांनी मात्र कर खर्चात धरून त्याच प्रमाणात वाटावा.

तोटा एकच, पण दर महिन्याचा. एका व्हाउचरमध्ये दोन वेगळी प्रमाणं असल्यामुळे टॅलीतला तो कॉस्ट सेंटर क्लास इथे चालत नाही, आकडे हाताने भरावे लागतात. पंधरा मिनिटं जातात. शिवाय खारघरची बाई वाशीला बदलीवर गेली तर ती हजेरी वाशीच्याच मस्टरवर हवी. दोनदा राहून गेली आणि वाशी फुकटात सुटली. भागाकारात उरलेले सुटे पैसे मी नौपाड्यावर टाकते, त्यावर अजून कोणी भांडलं नाही.

सहाव्या महिन्यात बिलात १३० हजेऱ्या होत्या आणि तिन्ही मस्टर मिळून १२७ भरल्या. एजन्सीने निमूटपणे १,२०० रुपये आणि त्यावरच्या जीएसटीची क्रेडिट नोट दिली. जागेच्या मापाने वाटत असते तर मस्टर मी उघडलंच नसतं.

वाशीच्या मॅडम अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.