युरोचे फ्रँक करताना: थेट दर घ्यावा की डॉलरमार्गे जावे?

ज्याच्याकडे युरो आहेत आणि ज्याला स्विस फ्रँक हवे आहेत, त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. बँकेने युरो-फ्रँक या जोडीसाठी दिलेला थेट दर घेता येतो, किंवा युरो विकून डॉलर घ्यायचे आणि ते डॉलर विकून फ्रँक घ्यायचे, असे दोन टप्प्यांत जाता येते. दोन्हींची तुलना मधल्या दरावरून, म्हणजे खरेदी आणि विक्री दरांच्या सरासरीवरून केली, तर फरक सहसा दिसतच नाही. तो दिसतो खरेदी आणि विक्रीच्या दरांत.

उदाहरणादाखल असे धरू की बँकेचे दर एका युरोला १.०९८० / १.१०२० डॉलर आणि एका डॉलरला ०.८९८५ / ०.९०१५ फ्रँक असे आहेत. पहिला आकडा बँकेचा खरेदी दर, म्हणजे आपण विकताना मिळणारा भाव. दुसरा तिचा विक्री दर, म्हणजे आपण घेताना द्यावा लागणारा भाव. युरो देऊन फ्रँक घेणारा दोन्ही टप्प्यांवर विकणाराच असतो: आधी युरो विकतो, मग डॉलर. म्हणून डॉलरमार्गे मिळणारा खरेदी दर १.०९८० गुणिले ०.८९८५, म्हणजे ०.९८६६ च्या किंचित खाली येतो. परतीच्या बाजूने विक्री दर १.१०२० गुणिले ०.९०१५, म्हणजे सुमारे ०.९९३५ होतो. समजा, थेट जोडीचा दर ०.९८७० / ०.९९३० आहे.

दहा हजार युरोंचे डॉलरमार्गे १०,९८० डॉलर आणि त्यांचे ९,८६५.५३ फ्रँक होतात. थेट दराने ९,८७० फ्रँक मिळतात. एकाच दिशेने जायचे असेल तर फरक जेमतेम साडेचार फ्रँकांचा आहे. तेच फ्रँक दर न बदलता लगेच परत युरोत आणले, तर थेट मार्गाने ९,९३९.५८ आणि डॉलरमार्गे ९,९३०.५५ युरो हाती येतात. ये-जा करण्याचा खर्च अनुक्रमे सुमारे ६० आणि ६९ युरो पडला. हा खर्च टक्क्यांत काढण्याची सोपी रीत अशी, की दोन दरांतील फरकाला विक्री दराने भागावे: थेट मार्गाला ०.६० टक्के, डॉलरमार्गाला ०.६९ टक्के. डॉलरमार्गाचा खर्च त्याच्या दोन टप्प्यांच्या खर्चांच्या जवळपास बेरजेइतका, म्हणजे ०.३६ अधिक ०.३३ इतका येतो. ‘कमिशन नाही’ असे सांगितले जात असले, तरी हा खर्च दरातच दडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी तो असा काढून पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मात्र ये-जा स्वस्त पडते म्हणून एकेरी व्यवहारही त्याच मार्गाने स्वस्त पडेल, असे गृहीत धरू नये. समजा, बँकेने थेट दर थोडा खाली सरकवून ०.९८६२ / ०.९९२२ असा दिला. दोन दरांतील अंतर तेवढेच आहे, ये-जाचा खर्चही जवळपास तोच आहे. पण युरो विकणाऱ्याला आता ९,८६२ फ्रँक मिळतील, म्हणजे डॉलरमार्गापेक्षा साडेतीन फ्रँक कमी. उलट फ्रँक देऊन युरो घेणाऱ्यासाठी थेट मार्गच अधिक फायद्याचा झाला. म्हणून ज्याला एकदाच रूपांतर करायचे आहे त्याने अंतर न पाहता आपल्या बाजूचा एकच आकडा तपासावा, आणि ज्याला पैसे परत आणायचे आहेत त्याने दोन्ही बाजू स्वतंत्रपणे ताडून पाहाव्यात; जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगवेगळा ठेवणे पूर्णपणे वाजवी आहे.

हिशेबात सर्वाधिक चूक होते ती दोन्ही जोड्यांत डॉलर आधी असतो तेव्हा. फ्रँक देऊन येन घ्यायचे असतील, तर फ्रँकने डॉलर विकत घ्यावे लागतात आणि मग ते विकावे लागतात. त्यामुळे डॉलर-येनच्या खरेदी दराला डॉलर-फ्रँकच्या विक्री दराने भागावे लागते. दोन्ही खरेदी दर घेऊन भागाकार केला, तर उत्तर खऱ्यापेक्षा चांगले दिसते. असा डॉलरमार्गे काढलेला दर, म्हणजे क्रॉस दर, कोणत्याही प्रत्यक्ष भावापेक्षा फारच आकर्षक निघाला, तर बहुधा बाजू चुकली आहे असे समजावे.

वरील फरक थोड्या फ्रँकांचे असल्याने प्रत्येक व्यवहारावर ठरावीक शुल्क असेल तर ते आधी पाहावे, कारण डॉलरमार्गे ते दोनदा लागते. शिवाय दोन्ही टप्पे एकाच वेळी पक्के झाले नाहीत, तर मधल्या काळात डॉलरचा भाव हलण्याची जोखीम आपल्याकडे राहते. थेट दरातील खरेदी-विक्रीचे अंतर फारच रुंद असेल, किंवा डॉलर काही काळ हाताशी ठेवणे तसेही गरजेचे असेल, तरच मी दोन टप्पे निवडेन. युरो-फ्रँकसारख्या भरपूर उलाढालीच्या जोडीत थेट भाव मागून घेणे हेच बहुतेक वेळा सरस ठरते.