"फळाचा रस आहे, डॉक्टरांना काय सांगायचं?"

आईच्या हृदयात दहा वर्षांपूर्वी कृत्रिम झडप बसवली. तेव्हापासून रोज रात्री वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी आणि महिन्याला आयएनआरची तपासणी, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते; आकडा जितका जास्त, तितकी रक्तस्रावाची भीती जास्त. तिचा आकडा 2.5 ते 3.5 मध्ये राहायला हवा. गेल्या वर्षी लघवीला तीनदा इन्फेक्शन झालं, तीनदा अँटिबायोटिक. ती अगदी कंटाळली होती.

तेव्हा ओळखीतल्या एका बाईंनी क्रॅनबेरीच्या 'अर्का'ची बाटली दिली, साडेनऊशे रुपयांना. "इन्फेक्शन मुळापासून जातं, अँटिबायोटिक लागतच नाही." मी वॉरफरिनबद्दल मुद्दाम विचारलं. "फळाचा रस आहे, डॉक्टरांना काय सांगायचं?"

पुढे जळजळ सुरू झाली, तर त्या म्हणाल्या, रस दुप्पट करा. पाच दिवस आईने तेच केलं. ताप चढला, जेवण जाईना. सहाव्या सकाळी उशीच्या अभ्र्यावर हिरड्यांतल्या रक्ताचे डाग होते, आणि बीपीचा पट्टा बांधला होता तिथे दंडावर जांभळा वळ. आयएनआर 6.4.

डॉक्टरांनी तिला दाखल करून गोळी थांबवली, वॉरफरिनचा जोर उतरवणारं व्हिटॅमिन के अगदी थोडं दिलं. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू निघाला.

त्यांनी समजावलं ते असं. क्रॅनबेरीतले काही घटक ई. कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. म्हणून ज्या बायकांना वारंवार इन्फेक्शन होतं, त्यांच्यात ते पुन्हा होण्याचं प्रमाण काहीसं कमी होतं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कॉक्रेन आढाव्यातही हेच आहे. पण वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना असा फायदा दिसला नाही. आणि एकदा इन्फेक्शन झालं की रसाने ते बरं होत नाही. आमचे पाच दिवस तिथे गेले.

वॉरफरिनचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. 2003 मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी सावध केलं होतं, एक रुग्ण दगावलाही होता. नंतरच्या चाचण्यांत रोज एक पेलाभर रस घेऊन आयएनआर फारसा हलला नाही. जास्त प्रमाण आणि दाट अर्क यांची मात्र खात्री देता येत नाही. आईच्या बाबतीत ताप आणि उपाशीपोट एवढंच आकडा चढायला पुरेसं होतं. त्यात रसाचा वाटा किती, हे डॉक्टरांनाही वेगळं काढता येईना.

घरी येऊन मोबाइलने लेबलचा फोटो मोठा करून पाहिला. सफरचंदाचा रस, साखर, आणि शेवटून तिसऱ्या जागी क्रॅनबेरी, 4 टक्के. पैसे परत मागितले तर बाईंनी फोन उचलणं बंद केलं.

आता घरात कोणतंही नवं औषध, काढा वा कॅप्सूल आली की आधी डॉक्टरांना फोन, आणि तीन-चार दिवसांत आयएनआर. लघवीच्या इन्फेक्शनच्या अँटिबायोटिकनंतरही तसंच, कारण को-ट्रायमॉक्साझोलसारखी औषधं वॉरफरिनचा जोर रसापेक्षा कितीतरी जास्त वाढवतात.