बुडीत उधारी: थेट खर्ची टाकावी की आधी निधी राखावा?

उधारी बुडाल्याची खात्री झाल्यावरच ती नफा-तोटा खात्यात खर्ची टाकायची, की दरवर्षी अंदाजाने संशयित बुडीत कर्ज निधी राखायचा, हा निर्णय उदाहरणावरून घेतलेला बरा.

एका घाऊक हार्डवेअर व्यापाऱ्याची ३१ मार्च २०२५ रोजी २०,००,००० रुपये उधारी येणे आहे. त्यातले ८०,००० रुपये ज्या दुकानदाराकडे अडकले आहेत, त्याने ऑगस्टमध्ये दुकान कायमचे बंद केले. थेट पद्धतीत हा तोटा २०२५-२६ मध्ये पडतो. पण विक्री आणि तिचा नफा आदल्या वर्षीच दाखवलेला असतो. म्हणजे मार्चचा ताळेबंद पाहून कॅश क्रेडिटची मर्यादा ठरवणाऱ्या बँकेला पूर्ण वीस लाख वसूल होतील असेच दिसले. माझ्या मते या पद्धतीचा खरा दोष हाच आहे.

निधी राखणारा व्यापारी मार्चअखेर उधारी किती जुनी आहे ते पाहतो. नव्वद दिवसांच्या आतल्या १४ लाखांवर १ टक्का, १८० दिवसांपर्यंतच्या ४ लाखांवर ५ टक्के आणि त्याहून जुन्या २ लाखांवर ३० टक्के धरले, तर ९४,००० रुपयांचा निधी होतो आणि निव्वळ येणे १९,०६,००० दिसते. ऑगस्टमध्ये निधी खाते नावे व ग्राहकाचे खाते जमा केले, की उधारी १९,२०,००० आणि निधी १४,००० उरतो. निव्वळ येणे मात्र तेवढेच राहते, कारण तोटा आधीच मोजलेला होता. हे टक्के स्वतःच्या मागील वसुलीवरूनच काढायला हवेत. नफा हवा तसा दाखवण्यासाठी ते दरवर्षी बदलले, तर निधीला काही अर्थ उरत नाही.

कराच्या बाबतीत पारडे उलटे आहे. या दोन्ही वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३६ नुसार साध्या व्यापाऱ्याला अशा निधीची वजावट मिळत नाही. रक्कम हिशेबात प्रत्यक्ष बुडीत म्हणून काढावी लागते. ती खरोखर बुडाल्याचे सिद्ध करण्याची मात्र गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या निकालात स्पष्ट केले. म्हणून निधीचे ९४,००० रुपये करगणनेत नफ्यात पुन्हा जोडायचे आणि पुढच्या वर्षी ८०,००० ची वजावट घ्यायची. इथेच चूक होते: ही रक्कम निधीतून गेल्यामुळे नफा-तोटा खात्यात दिसत नाही, आणि विवरणपत्र भरताना वजावट मागायची राहून जाते. भरलेला जीएसटी तर उधारी बुडाली म्हणून कोणत्याच पद्धतीत परत मिळत नाही.

विक्री बहुतेक रोखीने होत असेल आणि उधारीचे ग्राहक मोजकेच असतील, तर थेट पद्धत पुरेशी आहे. उधारी अनेकांकडे पसरलेली असेल आणि ताळेबंद बँकेला किंवा भागीदारांना दाखवायचा असेल, तर निधी राखावा व करगणनेसाठी बुडीत खात्यांची वेगळी यादी ठेवावी.