२०० मीटर फ्रीस्टाइल: फ्लिप टर्न की ओपन टर्न?

पणजीच्या कांपाल तलावात, ५० मीटरच्या लांबीत, २०० मीटरला तीनच टर्न येतात. हॉटेलच्या २५ मीटर तलावात सात. फ्लिपने, म्हणजे भिंतीजवळ गुलांटी मारून वळल्याने, ओपनपेक्षा दर टर्नला ०.७ सेकंद वाचले असं धरलं, तर कांपालला २.१ सेकंद मिळतात, छोट्या तलावात ४.९.

पण हा फायदा पुश-ऑफवर, म्हणजे भिंतीला पायांनी मारलेल्या धक्क्यावर, अवलंबून असतो. भिंतीपासून लांब गुलांटी मारली तर गुडघे जवळजवळ सरळ राहतात, तळवे नुसते टेकतात आणि धक्काच बसत नाही. त्यापेक्षा हात लावून, श्वास घेऊन, गुडघे नीट दुमडून मारलेला ओपन टर्न बरा.

भिंतीआधी ५ मीटर ते भिंतीनंतर ५ मीटर, दोन्ही टर्नची वेळ घ्या. छोट्या तलावात सहाव्या-सातव्या टर्नचीसुद्धा, कारण दम लागल्यावर फ्लिप आधी बिघडतो.