शेजारच्या ज्येष्ठांची बँक-पेन्शनची कामे: दर भेटीचे पैसे घ्यावेत की महिन्याचे?

ज्यांची मुले परगावी आहेत किंवा ज्यांना आता बँकेच्या रांगेत उभे राहवत नाही, अशा शेजाऱ्यांची बँकेची, पेन्शनची आणि ऑनलाइन अर्जांची कामे थोडा मोबदला घेऊन करून द्यावीत, असे ज्यांच्या मनात आहे त्यांना सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते. प्रत्येक भेटीचे वेगळे पैसे घ्यायचे, की महिन्याची ठरावीक रक्कम घेऊन लागेल ते काम करायचे? यावर आपली मिळकत तर अवलंबून असतेच, पण त्या घरातल्या फोनशी, पासबुकाशी आणि पासवर्डशी आपला किती संबंध येणार, हेही यावरूनच ठरत जाते. माझ्या मते सुरुवात दर भेटीच्या पद्धतीनेच करावी. त्याचे कारण नोव्हेंबर महिन्यातल्या एका कामावरून चांगले समजते.

हे काम म्हणजे हयातीचा दाखला. केंद्र सरकारच्या निवृत्तांना तो दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, आणि ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. राज्य सरकारच्या निवृत्तांनाही नोव्हेंबरमध्ये बँकेत यादीवर सही करण्याची सवय असते. भविष्य निर्वाह निधी संघटनेची ईपीएस-९५ ही पेन्शन घेणाऱ्यांचे मात्र वेगळे आहे. त्यांचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. म्हणून शेजारच्या काकांची पेन्शन नेमकी कोणती, हे विचारल्याशिवाय तारीख सांगू नये.

२०१४ पासून हा दाखला ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल स्वरूपात देता येतो आणि २०२१ पासून अंगठ्याच्या यंत्राशिवाय, फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही तो निघतो. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांसाठी ही मोठी सोय झाली. मदत करणाऱ्याने स्वतःच्या फोनवर `AadhaarFaceRD` आणि जीवन प्रमाणचे ॲप घ्यावे, आपला आधार क्रमांक, ओटीपी आणि चेहरा देऊन आधी ‘ऑपरेटर’ म्हणून नोंदणी करावी, आणि मग निवृत्त व्यक्तीची माहिती भरावी.

समजा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका काकूंना स्वतःच्या केंद्र सरकारी नोकरीची पेन्शन मिळते आणि रेल्वेत असलेल्या यजमानांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनही मिळते. इथे एक दाखला पुरत नाही. दोन पेन्शनांचे दोन पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचे, क्रमांक आहेत, म्हणून दाखलेही दोन काढावे लागतात. यजमानांच्या जुन्या कागदांवर देना बँकेचे नाव आहे. ती बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, त्यामुळे पेन्शन देणारी संस्था निवडताना आजची बँक निवडायची आणि खाते क्रमांक आत्ताच्या पासबुकावरून घ्यायचा. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या दाखल्यात पुनर्विवाहाचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर काकूंना विचारूनच भरायचे, कारण ते त्यांचे निवेदन असते. शेवटी चांगल्या उजेडात, चष्मा काढून, कॅमेऱ्याकडे पाहत पापण्यांची उघडझाप केली की प्रमाण क्रमांक तयार होतो आणि त्याचा संदेश येतो.

बरेच जण इथेच काम संपले असे मानतात. प्रमाण क्रमांक मिळाला म्हणजे बँकेने दाखला स्वीकारला असे नव्हे. पीपीओ क्रमांकात एक आकडा चुकला किंवा भलतीच बँक निवडली गेली, तरी प्रमाण क्रमांक तयार होऊ शकतो आणि नंतर दाखला नाकारला जातो. डिसेंबरात पेन्शन जमा झाली नाही की मग ते कळते. म्हणून काही दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर दाखल्याची स्थिती पाहण्यासाठी दुसरी, छोटी भेट लागते. ती पहिल्या भेटीच्याच पैशांत धरावी आणि तसे आधी सांगावे.

आता पैशांचे बघू. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन हाच दाखला ७० रुपयांत काढून देतो. सत्तरीवरील ग्राहकांना अशा सेवा घरपोच देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सूचना दिलेल्या आहेत. तेव्हा ‘एका दाखल्याचे दोनशे’ असा भाव लावणे योग्य नाही, आणि शेजारी ते विसरतही नाहीत. भाव वेळेचा लावावा. समजा भेटीचे १५० रुपये घेतले आणि त्या एका बैठकीत दोन्ही दाखले, पासबुकावरच्या दोन नोंदींचा खुलासा आणि मुदत ठेवीची पावती शोधून देणे एवढे झाले, तर काकूंना ते महाग वाटत नाही. ज्यांचे काम फक्त एका दाखल्याचे आहे, त्यांना पोस्टमनचा पर्याय आपणच सांगावा.

महिन्याची पद्धत वरवर सुखाची दिसते. ३०० रुपये महिना म्हणजे वर्षाचे ३६०० होतात. पण साध्या घरात वर्षभरात येते काय? नोव्हेंबरचा दाखला, एप्रिलमध्ये व्याजावर कर कापला जाऊ नये म्हणून बँकेला द्यायचा अर्ज (ज्याला लोक १५एच म्हणून ओळखतात), मालमत्ता कर, एखाद्या ठेवीचे नूतनीकरण, कधी केवायसी. अशा सहा-सात भेटी १५० रुपयांनी हजाराच्या आसपास जातात. ज्या आजींचे काम एवढेच आहे त्यांच्याकडून ३६०० घेणे मला पटत नाही. उलट, जिथे आजारपण आहे, औषधोपचारांच्या बिलांची प्रतिपूर्ती सतत मागावी लागते आणि प्रत्येक अर्जामागे तीन वेळा चौकशी करावी लागते, तिथे भेटी मोजत बसणे दोघांनाही अवघड होते. तिथे महिन्याची रक्कमच बरी. मात्र त्यात काय येते आणि काय येत नाही हे एका कागदावर लिहून त्याची प्रत परगावच्या मुलामुलीलाही पाठवावी.

महिन्याच्या पद्धतीतला खरा धोका पैशांपेक्षा वेगळा आहे. रोजचे येणे-जाणे झाले की ‘फोन तुझ्याकडेच ठेव, ओटीपी आला की तूच टाक’ असे प्रेमाने सांगितले जाते. ते कधीही मान्य करू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे झालेले नुकसान, तो बँकेला कळवेपर्यंत त्याचेच धरले जाते. पुढे फसवणूक तिसऱ्याच कोणी केली, तरी संशयाची पहिली नजर आपल्याकडे वळते. ओटीपी काकूंनी स्वतः वाचून स्वतःच्या बोटांनी टाकावा, वेळ लागला तरी चालेल. यूपीआय पिन आणि एटीएम पिन टाकताना आपण दुसरीकडे पाहावे. सरकारी शुल्क त्यांच्याच खात्यातून जावे आणि पावती त्यांच्या फाइलमध्ये राहावी.

अर्ज भरताना सोयीसाठी आपलाच मोबाइल क्रमांक किंवा ईमेल टाकण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. तसे केले की दाखला नाकारल्याचा संदेश काकूंकडे जातच नाही, आणि आपण पुढे घर बदलले तर त्यांना स्वतःच्याच कागदांसाठी आपल्याला शोधत यावे लागते. काकूंचा स्वतःचा क्रमांक बंद पडला असेल, तर तो सुरू करून बँकेत नोंदवून घेणे हे पहिल्या भेटीचे पहिले काम समजावे आणि बाकीचे अर्ज त्यानंतर भरावेत.

यजमानांच्या निधनानंतर खाती नावावर करून घेणे आणि कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करणे ही कामे मात्र या दोन्ही पद्धतींत नीट बसत नाहीत. त्यांना काही महिने लागतात आणि ती टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात, म्हणून कागद गोळा करणे, अर्ज देणे आणि पैसे खात्यात जमा होणे अशा टप्प्यांवर विभागलेली एकूण रक्कम आधी ठरवावी, आणि शेवटचा हप्ता पहिली पेन्शन पासबुकात उमटल्यावरच घ्यावा.